फोटोवरचं नाव पुसताना: एकच बोट, दोन फोटो

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज इअरफोन लावून नुसतं ऐकलंत तरी चालेल, पण हातात फोन असेल तर एखादा जुना फोटो उघडून ठेवा, मध्ये लागेल.

गेल्या महिन्यात एकाच रविवारी माझ्या फोनवर दोन फोटो आले. पहिला मावशीचा. आजीचा फोटो, रंकाळ्याच्या दगडी कट्ट्यावर बसलेली, हिरवी साडी, जरीचा काठ, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या काळच्या कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख. मावशीला तो मोठा करून फ्रेम करायचा होता. "बाळा, ते केशरी आकडे तेवढे काढ. आजीच्या साडीवरच आलेत मेले."

दुसरा फोटो, खरं तर अकरा फोटो, मावसभावाचे. त्याच्या लग्नाचे. स्टुडिओने निवड करण्यासाठी पाठवलेल्या छोट्या कॉपीज, आणि प्रत्येकावर तिरपं, अर्धपारदर्शक, या कडेपासून त्या कडेपर्यंत स्टुडिओचं नाव. त्याचा मेसेज होता, "ताई, हे पुसून दे ना गं. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे."

दोन्हीकडे मागणी तीच, फोटोवरची अक्षरं काढ. टूलही तेच. एक काम मी लगेच केलं. दुसरं नाही केलं, आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंसुद्धा. आज त्या दोन्ही फोटोंबद्दल बोलते.

आधी आजी.

मावशीने पाठवलेली फाईल व्हॉट्सॲपवरून आलेली होती, म्हणजे आकसलेली. लांब बाजू सुमारे सोळाशे पिक्सेल. त्याच्यावर काम करून फ्रेमएवढा प्रिंट काढला असता तर तारीख गेली असती आणि आजीचा चेहराही मऊ मेणासारखा झाला असता. म्हणून आधी मूळ प्रिंट मागवला. चार बाय सहा इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंचाची फ्रेम ३०० डीपीआयला छापायची तर २४०० बाय ३००० लागतात. म्हणजे बरोबर बसतं, थोडं वरखाली कापायला जागाही उरते. स्कॅनर नसेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे असतोच. त्याला ६०० डीपीआय म्हणून सांगा आणि फाईल मेलवर घ्या, व्हॉट्सॲपवर नको. व्हॉट्सॲपच हवं असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता पुसणं. मी फोनवर स्नॅपसीड वापरलं. फोटो उघडायचा, `Tools` मध्ये जायचं, `Healing` घ्यायचं. इथे बहुतेक जण काय करतात? पूर्ण तारखेवरून एकच लांब बोट फिरवतात. आणि मग साडीच्या काठाच्या जागी दगड उगवतो, किंवा दगडात जरी.

असं का होतं ते समजलं की अर्धं काम सोपं होतं. आपण म्हणतो "पुसलं", पण खाली काहीच नसतं. नारिंगी आकड्यांच्या मागची साडी त्या प्रिंटमध्ये नाहीच. कॅमेऱ्याने फिल्मवर तिथे उजेड टाकून आकडा भाजला, तिथली साडी तेव्हाच गेली. त्यामुळे हे टूल पुसत नाही, भरतं. आजूबाजूला बघतं, जुळेल असा तुकडा उचलतं आणि त्या जागी लावतं, कडा मिसळून टाकतं. गोधडीला ठिगळ लावल्यासारखं. ठिगळ कुठल्या कापडातून घ्यायचं हे तेच ठरवतं, आणि तुम्ही जितका मोठा भाग एकदम द्याल तितकी चूक होण्याची शक्यता जास्त.

म्हणून मी एकेक आकडा घेतला. स्नॅपसीडमध्ये ब्रशचा आकार बदलायला वेगळं बटण शोधत बसू नका. दोन बोटांनी झूम करा, फोटो मोठा झाला की तेच बोट फोटोवर बारीक पडतं. आधी दगडावरचे आकडे घेतले. दगड खडबडीत, त्यामुळे तिथे ठिगळ दिसतच नाही. मग साडीच्या सपाट हिरव्या भागावरचा. शेवटी राहिला तो त्रासदायक आकडा, जो अर्धा जरीच्या काठावर होता. तिथे काठाच्या वरचा भाग वेगळा, काठावरचा वेगळा आणि खालचा वेगळा, असे तीन छोटे टप्पे केले. काठावर बोट काठाच्याच दिशेने फिरवलं, आडवं नाही. दोनदा चुकीचं आलं, उलट्या बाणाने मागे गेले, झूम थोडा बदलून परत केलं. झूम बदलला की टूल वेगळा तुकडा निवडतं, त्यामुळे तिसऱ्यांदा जमून गेलं. हट्टी जागेसाठी कॉम्प्युटरवर गिंप किंवा फोटोशॉपमधलं क्लोन टूल बरं, कारण तिथे ठिगळ कुठून घ्यायचं ते तुम्ही स्वतः दाखवता.

झालं की लगेच खूश होऊ नका. फोटो पूर्ण मोठा करून दोन गोष्टी बघा. एक, एखादी खूण दोनदा दिसतेय का. दगडावरचा तोच डाग शेजारी शेजारी दोनदा आला असेल तर ठिगळ उघडं पडलं. दुसरं, सरळ रेषा तुटल्यात का. काठ, दाराची चौकट, वीटकामाची ओळ. डोळ्याला रेषेतला बारीक तुटकपणा लगेच टोचतो. आणि हो, जुन्या फोटोला फिल्मचा दाणा असतो. जिथे भरलंय तिथे तो दाणा नसेल तर ती जागा गुळगुळीत दिसते, फ्रेममध्ये तर नक्कीच दिसते.

एवढं करून मी एक गोष्ट केली जी मावशीने सांगितली नव्हती. मूळ स्कॅन तसाच ठेवला, तारखेसकट, आणि नव्या फाईलच्या नावात तारीख लिहिली. कारण तो आकडा कुरूप असला तरी माहिती आहे. आजी रंकाळ्यावर कधी गेली होती हे आमच्या घरात आता कुणालाच नक्की आठवत नाही.

हे काम करायला मला कुणाची परवानगी लागली का? नाही. फोटो आजोबांनी काढलेला, घरातला, फ्रेम घरात लागणार. तारीख हे कुणाचं नाव नाही, कुणाचा हक्क नाही. तसंच तुमच्या स्वतःच्या फोटोत मागे कुणाचा फ्लेक्स आलाय, टीशर्टवर मोठा ब्रँड आलाय आणि तो तुम्हाला नकोय, तर काढा. त्यात काही बिघडत नाही.

आता भाऊ.

त्याच्या फोटोंवरचा वॉटरमार्क अर्धपारदर्शक होता. इथे गंमत उलटी आहे. तारखेखाली काहीच नव्हतं, पण अर्धपारदर्शक नावाखाली फोटो अजून आहे, फक्त त्यात पांढरा रंग मिसळलाय. दुधात पाणी घातल्यासारखं. किती पाणी घातलं ते कळलं तर दूध वेगळं काढता येईल की नाही? खऱ्या दुधाचं माहीत नाही, पण फोटोचं येतं. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक शोधनिबंध मांडला होता. त्यांचं म्हणणं असं: एकाच संग्रहातल्या शेकडो फोटोंवर जर अगदी तोच वॉटरमार्क, तसाच, असेल, तर फोटो बदलत राहतात पण वॉटरमार्क बदलत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर तो बरोबर ओळखून प्रत्येक फोटोतून वजा करू शकतो. त्यांनी हे का सांगितलं? लोकांनी पुसावं म्हणून नाही. फोटो विकणाऱ्यांना सावध करायला. उपायही त्यांनीच सुचवला, की प्रत्येक फोटोवर वॉटरमार्क थोडा वेडावाकडा, वेगळ्या वळणाने टाका, म्हणजे वजाबाकी जमत नाही आणि कडा उरतात.

पण फोनवरच्या इरेझरने ही वजाबाकी होत नाही. तो परत ठिगळच लावतो. आणि नाव नेमकं नवरीच्या गालावरून गेलेलं. म्हणजे ॲप तिचा गाल अंदाजाने बनवणार. एका फोटोवर भावाने स्वतः करून बघितलं होतं. वहिनीच्या नथीचा एक मोती गायब, आणि ओठाची कड जरा वेगळी. "ही माझी बायको वाटतच नाहीये," हे त्याचेच शब्द.

म्हणजे हस्तकलेच्या दृष्टीनेच हे काम वाईट होतं. पण मी नाही म्हटलं त्याचं कारण वेगळं. भावाचा मुद्दा तुम्हालाही पटेल असा होता, "फोटो आमचे, चेहरे आमचे, पैसे आम्ही देतोय. मग नाव त्याचं का?"

आणि ऐका, कायद्यात त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. मी वकील नाही, पण हे कलम मी मुळातून वाचलंय. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. साधारण नियम असा, की फोटो काढणारा हा त्याचा पहिला मालक. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर ज्याने काढायला सांगितला तो पहिला मालक, जर वेगळा करार झालेला नसेल तर. लग्नाचे फोटो या अपवादात बसू शकतात.

फक्त या वाक्यात दोन खाचा आहेत. पहिली, "वेगळा करार नसेल तर". मी भावाला बुकिंगचा कागद शोधायला लावला. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, की सर्व छायाचित्रांचे हक्क स्टुडिओकडे राहतील आणि पूर्ण रक्कम मिळाल्यावर मोठ्या फाईल दिल्या जातील. त्याने सही केली होती, वाचलं नव्हतं. दुसरी खाच अजून मजेशीर. "ज्याने काढायला सांगितला" तो कोण? स्टुडिओ ठरवला होता वहिनीच्या वडिलांनी. म्हणजे करार नसता तरी मालक माझा भाऊ नाही, त्याचे सासरे ठरले असते! हे सांगितल्यावर तो जरा शांत झाला.

आता पुढचं कलम, जे फार कमी लोकांना माहीत आहे. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ६५ब आलं. कलाकृतीचं नाव, तिच्या निर्मात्याचं नाव, हक्कमालकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी, या माहितीला कायद्यात हक्क व्यवस्थापनाची माहिती म्हणतात. ती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड होऊ शकतो. नीट बघा, इथे फोटो चोरणं हा वेगळा गुन्हा आणि नाव काढणं हा वेगळा. फोटोवर स्टुडिओचं नाव लिहिलेलं असतं ते या व्याख्येत बसतं असं म्हणायला भरपूर जागा आहे. दोन शब्द महत्त्वाचे, "जाणूनबुजून" आणि "अधिकार नसताना". आणि "ताई, हे पुसून दे ना" हा मेसेज व्हॉट्सॲपवर राहिला की जाणूनबुजून नव्हतं असं म्हणायची सोय राहत नाही. हो, पुसणारी मी असते, म्हणजे अडकणारीही मी.

कुणी म्हणेल, मग पुसत नाही, नुसतं कापते. नाव कोपऱ्यात असेल तर क्रॉप. हाच मुद्दा अमेरिकेत कोर्टात गेला होता. पीटर मर्फी नावाच्या फोटोग्राफरने न्यू जर्सीतल्या एका रेडिओ स्टेशनच्या दोन निवेदकांचा फोटो एका मासिकासाठी काढला. मासिकाने त्याचं नाव पानाच्या घडीजवळच्या समासात छापलं. स्टेशनमधल्या कुणीतरी पान स्कॅन केलं, समास कापला आणि फोटो वेबसाइटवर टाकला. वर श्रोत्यांना सांगितलं, या फोटोत हवे ते बदल करून पाठवा. स्टेशनची बाजू अशी की छापील पानावरचं नाव म्हणजे काही डिजिटल सुरक्षा नव्हे, त्या कायद्याचा इथे संबंध नाही. खालच्या कोर्टाला ते पटलं. २०११ मध्ये वरच्या कोर्टाला नाही पटलं. त्यांनी म्हटलं, कागदावर छापलेलं नावसुद्धा हक्काची माहितीच आहे. तिकडच्या कायद्यात अशा प्रत्येक उल्लंघनाला अडीच हजार ते पंचवीस हजार डॉलर भरपाई लिहिलेली आहे. भारतातल्या कोर्टाला हा निकाल बांधील नाही. पण परदेशी फोटोग्राफरचा फोटो कापून आपल्या पेजवर टाकणाऱ्यांनी हा आकडा ऐकून ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, कलम ५७. मालकी विकून टाकली तरी निर्मात्याला "हे मी केलंय" म्हणायचा हक्क उरतो, आणि कामाची मोडतोड होऊन त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर ते थांबवायचाही. मोती गायब झालेला तो फोटो बाहेर फिरला असता आणि कुणी म्हटलं असतं, अमक्या स्टुडिओने काढलेत हो, तर बट्टा कुणाला?

आता तुमच्यातल्या अनेकांचा खरा प्रश्न. मला मेसेज येतात ते लग्नाच्या फोटोंबद्दल कमी, साड्यांच्या फोटोंबद्दल जास्त. घरून साड्या विकणाऱ्या ताई, कॉलेजमधली रीसेलर मुलं. कुणाच्या तरी पेजवरून पैठणीचा फोटो घ्यायचा, त्यांचं नाव पुसायचं, आपलं टाकायचं. "सगळे करतात" हे खरंय. पण हे सापडतं कसं ते बघा. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की त्याच घडीची, त्याच टेबलावरची साडी मूळ पेजवर दिसते. मूळ मालकाकडे मोठी, न कापलेली फाईल असते, बहुतेकदा त्याच्या आधीचे-नंतरचे चार शॉट्सही असतात. तुमच्याकडे एकच, आणि पदरावरचा मोर एका ठिकाणी विरघळलेला. वाद झाला तर एवढं पुरतं. आणि यात गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे, कारण ती साडी तुमच्या हातात नाही, पोत तुम्ही बघितला नाही, रंग खरा आहे का माहीत नाही. ज्या घाऊक दुकानातून माल घेता त्याला सरळ विचारा, "दादा, नावाशिवायचे फोटो मिळतील का, मी तुमचाच माल विकते." बरेच जण आनंदाने देतात. नाहीतर एक साडी घ्या, खिडकीपाशी दुपारच्या सावलीतल्या उजेडात पांढऱ्या चादरीवर ठेवा आणि स्वतः काढा.

दोन गोष्टी पटकन. बातमीच्या फोटोवरची तारीख किंवा चॅनेलचं नाव काढून पुढे पाठवू नका. सांगलीच्या २०१९ च्या पुराचा फोटो तारखेशिवाय पुढच्या कुठल्याही पावसाळ्यात आजचा म्हणून फिरू शकतो, आणि लोक नातेवाइकांना फोन लावत बसतात. आणि मार्कशीट, दाखला, पावती यांवरचा शिक्का, "नमुना" किंवा "रद्द" असले शब्द, यांना हातच लावू नका. तिथे विषय कॉपीराइटचा राहत नाही, बनावट कागद तयार केल्याचा होतो.

भावाचं शेवटी काय झालं? मी त्याला म्हटलं, स्टुडिओला फोन कर आणि दोन गोष्टी विचार. एक, पोस्ट करायला आत्ता दोन फोटो मिळतील का, कोपऱ्यात छोटं नाव असलेले. दुसरं, उरलेले पैसे भरल्यावर नाव नसलेल्या फाईल किती दिवसांत. स्टुडिओवाल्याने त्याच संध्याकाळी तीन फोटो पाठवले, कोपऱ्यात बारीक नाव. भावाने खाली त्यांना टॅग केलं. पैसे भरल्यावर सगळ्या फाईल आल्या, कोऱ्या, नथीच्या सगळ्या मोत्यांसकट.

जे स्वतः फोटो काढतात त्यांच्यासाठी एक राहिलंच. नाव फक्त कोपऱ्यात टाकलंत तर ते क्रॉपमध्ये जातं, चेहऱ्यावर टाकलंत तर फोटो बघवत नाही. कपड्याच्या नक्षीवरून, केसांवरून जाईल असं टाका, जिथे ठिगळ लावणं अवघड. प्रत्येक फोटोवर जागा आणि तिरपेपणा थोडा बदला. फाईलच्या आतल्या माहितीतही नाव लिहा, पण सोशल मीडियावर ती माहिती बऱ्याचदा गळून जाते, म्हणून तिच्यावरच अवलंबून राहू नका. आणि मूळ मोठी फाईल कुणालाही देऊ नका.

आजीचा फोटो आता मावशीच्या दिवाणखान्यात आहे. काठावरची ती जागा मला अजून दिसते, बाकी कुणाला नाही. फ्रेमच्या मागे मी पेनने तारीख लिहिली आणि खाली "फोटो: आजोबा". मावशी म्हणाली, "मागे कोण बघतंय?" म्हटलं, असू दे.

भेटूया पुढच्या भागात.